एका रुपयाचा फरक

आमच्या पतसंस्थेत मी जानेवारीत हिशेबनीस म्हणून रुजू झालो. बचत ठेवींचं मार्चअखेरचं व्याज आकारण्याआधी जुळणी झालेली बरी, म्हणून फेब्रुवारीअखेरची शिल्लक यादी काढायला घेतली. जनरल लेजरमध्ये बचत ठेव १८,४२,३१६ रुपये होती. सभासदांच्या वैयक्तिक लेजरमधल्या शिलकांची बेरीज मात्र १८,४२,३१५ आली.

"रुपयाच आहे ना? किरकोळ खर्चात टाका," सचिव म्हणाले. त्यांचंही खरं होतं. रुपयासाठी कोण रात्र जागवणार? पण दोन लेजरांतला फरक म्हणजे चुकांची वजाबाकी. एक चूक यादी वाढवते, दुसरी कमी करते आणि शेवटी रुपया उरतो. नेमक्या अशाच फरकाला मी घाबरतो.

आधी यादीची बेरीज खालून वर करून पाहिली, मग प्रत्येक शिल्लक लेजरच्या पानाशी ताडली. दोन्ही बरोबर. मग यादी मागे नेली: प्रत्येक खात्याची ३० जूनची शिल्लक उतरवली, ती जनरल लेजरशी जुळली. ३० सप्टेंबरची उतरवली तर यादी ९१ रुपयांनी कमी. डिसेंबरअखेर पुन्हा एकच रुपया कमी. म्हणजे चुका दोन होत्या: एक जुलै ते सप्टेंबरमध्ये ९१ ची, दुसरी पुढच्या तिमाहीत ९० ची, उलट दिशेची.

सप्टेंबरमध्ये सहामाही व्याज पडतं. व्याजपत्रकावर ९१ हा आकडा एका सभासदापुढे सापडला. त्या सभासदाचं पान तेव्हाच भरलं होतं. शिल्लक नव्या पानावर ओढली, व्याजाची जमा मात्र कुठेच नव्हती. दुसरीसाठी ९० ला ९ ने भाग जातो, हीच खूण पुरेशी होती: आकडे उलटसुलट झाले असावेत. म्हणून त्या तिमाहीच्या पावत्यांमध्ये शेजारच्या आकड्यांची अदलाबदल शोधली. नोव्हेंबरात ५६० रुपयांची जमा पावती होती, लेजरला ६५० चढवले होते. सभासदाच्या पासबुकात ५६० च होते.

खाडाखोड केली नाही. दोन्ही खात्यांवर आजच्या तारखेने दुरुस्ती नोंद घातली: एकाला ९१ जमा, दुसऱ्याला ९० नावे. शेजारी मूळ पावतीचा आणि व्याजपत्रकाचा संदर्भ लिहून सचिवांची सही घेतली. जनरल लेजरला हात लावायचं कारणच नव्हतं, तिथली रक्कम बरोबर होती. शिल्लक यादी १८,४२,३१६ झाली.

सचिवांनी सही करताना विचारलं, "किरकोळ खर्चात टाकला असता तर?" मी म्हटलं, एका सभासदाला ९१ कमी मिळाले असते, दुसऱ्याला ९० जास्त, आणि मार्चचं व्याजही त्याच चुकीच्या शिलकांवर लागलं असतं. त्यांनी व्याजपत्रक मागवून घेतलं आणि व्याज राहिलेल्या सभासदाला पासबुक घेऊन यायचा निरोप धाडला.