मिसळीनंतरची जळजळ

रविवारी सकाळी कॅज्युअल्टीत "मिसळ बाधली" म्हणत येणारा एखादा तरी पेशंट असतोच. बहुतेकांना खरोखर मिसळच बाधलेली असते. तरीही छातीत काहीही होत असेल, तर आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, हा नियम आम्ही कुणासाठी मोडत नाही. केस पेपर, बिलिंग आणि कालपासून काय काय खाल्लं याची चर्चा त्यानंतर.

सदाशिव पेठेतले हे काका सत्तावन्न वर्षांचे. साडेआठला मिसळ खाल्ली, वर सॅम्पल दोनदा घेतलं. सव्वानऊला छातीच्या मध्यभागी जळजळ सुरू झाली. घरी इनो घेतला, मोठा ढेकर आला आणि पंधरा मिनिटं अगदी बरं वाटलं. मग पुन्हा तेच. साडेदहाला ते रिक्षातून आमच्याकडे आले ते तक्रार घेऊनच, "काही नाही हो डॉक्टर, अ‍ॅसिडिटी आहे. एक इंजेक्शन द्या, जातो घरी."

काकू मागून म्हणाल्या, "अहो, घामाने बनियन भिजला होता ते सांगा ना."

माझ्या दृष्टीने त्या सकाळचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं. अ‍ॅसिडिटीत माणूस बेचैन होतो, पण पंख्याखाली बसून थंडगार घामाने भिजत नाही. काकांची नाडी ५२ होती, रक्तदाब १०४/७०.

पहिला ईसीजी वरवर पाहता ठीक होता. मशीननेही वर 'नॉर्मल' छापलं होतं. त्या छापील शब्दावर भिस्त ठेवायची नाही, हे नव्या डॉक्टरांना सांगून आमचा घसा बसतो. एव्हीएल नावाच्या लीडमध्ये रेघ किंचित खाली दबलेली होती, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही लीड हृदयाकडे डाव्या खांद्याच्या बाजूने पाहते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटायला लागला, की पुष्कळदा तिचं प्रतिबिंब आधी इथे उलटं उमटतं आणि खालच्या भिंतीच्या लीड्स नंतर उचलल्या जातात. एवढ्याशा खुणेवर निदान होत नाही, पण पेशंटला घरीही पाठवता येत नाही. दुखणं चालू आहे आणि ईसीजीतून काही ठरत नाही, अशा वेळी दर पंधरा ते तीस मिनिटांनी तो पुन्हा काढायचा असतो. आम्ही इलेक्ट्रोड छातीवर तसेच ठेवले, म्हणजे दुसऱ्या वेळी जागा बदलून चित्र फसवं येत नाही.

मधल्या वेळात नीट विचारपूस केली. "जळजळ कशी आहे?" या प्रश्नावर मी फार विसंबत नाही. हृदय आणि अन्ननलिका या दोन्हींकडून येणाऱ्या संवेदना पाठीच्या कण्यात जवळपास त्याच पातळीवर शिरतात, त्यामुळे दुखतंय कोण हे मेंदूला नेमकं कळत नाही. जळजळ, भरून येणं, आवळल्यासारखं होणं, यांतलं काहीही दोघांकडूनही येऊ शकतं. खरा उपयोग होतो तो "कधी येते आणि कशाने थांबते?" या प्रश्नाचा.

अ‍ॅसिडिटीची जळजळ साधारणपणे पोटाच्या वरच्या टोकाकडून घशाकडे चढते. तोंडात आंबट-कडू पाणी येतं. वाकलं, जेवून लगेच आडवं झालं की वाढते, उठून बसलं की कमी होते. जिना चढल्याने सहसा तिला फरक पडत नाही. हृदयाचं दुखणं श्रमाशी बांधलेलं असतं. चालताना येतं, थांबलं की दोन-पाच मिनिटांत ओसरतं. जबड्यात, पाठीत, एका किंवा दोन्ही हातांत उतरतं. सोबत धाप, घाम किंवा मळमळ असते. झटका चालू असेल, तर मात्र विश्रांती घेऊनही ते थांबत नाही.

काकांना विचारलं, "गेल्या महिन्यात अशी जळजळ कधी झाली होती?" आधी "नाही" म्हणाले. मग आठवलं. रोज सकाळी ते पर्वती चढायला जात. पंधरा दिवसांपासून अर्ध्या पायऱ्यांवर छातीत जळायचं, कठड्याला टेकून उभं राहिलं की जायचं. "उपाशीपोटी चहा घेतो ना, त्याने होत असेल." पोटात एक कप चहा, जळजळ फक्त चढताना, सपाट रस्त्यावर नाही. पोटातल्या आम्लाला पायऱ्या मोजता येत नाहीत.

मग इनोने बरं कसं वाटलं? रक्ताची गुठळी धमनी पूर्ण बंद करण्याआधी पुष्कळदा थोडी उघडते, पुन्हा मिटते, आणि दुखणंही तसंच कमी-जास्त होतं. त्या ओसरण्याच्या वेळी घेतलेल्या पुडीला श्रेय मिळतं. शिवाय खालच्या भिंतीच्या झटक्यात मळमळ आणि ढेकर पुष्कळदा येतात. म्हणून अँटासिडने आराम पडला हा हृदय ठीक असल्याचा पुरावा होत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटने अन्ननलिकेची उबळसुद्धा सैल होते, त्यामुळे तिने थांबलं म्हणजे हृदयच, असंही ठरत नाही.

दहा पन्नासच्या ईसीजीत शंका उरली नाही. दोन, तीन आणि एव्हीएफ या खालच्या भिंतीच्या लीड्स दोन मिलिमीटर वर, एव्हीएल आणखी खाली. लगेच छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून पाहिली, तीही उचललेली. म्हणजे हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला होता. अशा पेशंटला सॉर्बिट्रेट दिली तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. शेजाऱ्यांच्या डब्यातली गोळी जिभेखाली ठेवून आणलेले पेशंट आम्ही पांढरेफटक पडलेले पाहतो, त्याचं एक कारण हे.

काळी शौच, अल्सर, रक्तस्राव असं काही नाही याची खात्री करून ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला दिली. गिळली तर रक्तात उतरायला वेळ लागतो. सोबत दुसरं रक्त पातळ करणारं औषध आणि सलाइन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात दिसणाऱ्या ट्रोपोनिनचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्याचं नवल नाही, ते रक्तात वाढायला काही तास लागतात. ईसीजी इतका स्पष्ट असताना त्यासाठी थांबायचं नसतं. काकांना थेट कॅथ लॅबमध्ये नेलं. उजवी धमनी मधोमध पूर्ण बंद होती. स्टेंट बसल्यावर टेबलावरच त्यांची जळजळ थांबली.

त्याच दुपारी हडपसरचा एक तरुण आला. रात्री बिर्याणी खाऊन लगेच झोपला, आंबट पाणी घशाशी आलं, बुटाची लेस बांधायला वाकला की जळजळ. वर्णन पुस्तकी अ‍ॅसिडिटीचं. त्याचाही ईसीजी आधी काढला, दुसराही काढला, ट्रोपोनिन दोनदा तपासलं आणि मगच आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल लिहून दिलं. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात तर हे वर्णनही पुष्कळदा दगा देतं. नुसती धाप किंवा "पोटात कसंतरी होतंय" एवढंच असतं. घरी हे काही तपासता येत नाही. नवी किंवा वेगळी जळजळ, सोबत घाम किंवा धाप, अशा वेळी स्कूटर न काढता १०८ ला फोन करायचा.

गंमत म्हणजे काकांना अ‍ॅसिडिटी खरोखरच होती, गेली कित्येक वर्षं. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं चालू झाल्याने पोटाला संरक्षण हवंच होतं, पण त्यांच्या घरी होतं ते ओमेप्राझोल. ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं. ते बंद करून पॅन्टोप्राझोल दिलं, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ हाताने लिहिली: जळजळ चालताना किंवा चढताना आली, तर इनो न घेता थेट कॅज्युअल्टीत यावे. काकूंनी तो कागद स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.