नदी भिंतीवरच हरवली : १३२ चौकोनांनंतरची नोंद

शाळेच्या भिंतीवर प्रत्येक मुलाने एक चौकोन रंगवायचा आणि सगळ्यांची मिळून एक नदी करायची, असा आमचा बेत आहे. तीन दिवसांत त्यातले १३२ चौकोन भरले म्हणून मी खुशीत होते. शेवटचा ब्रश धुतला, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेले, साधारण तीस मीटरवरून मागे वळून पाहिलं, आणि नदी नव्हती. मासे होते, होड्या होत्या, बगळे होते, पण डोंगरातून समुद्रापर्यंत जाणारी जी एक नदी आपण ठरवली होती, ती कुठेच दिसेना. भिंतीवर गोधडी पसरल्यासारखं वाटत होतं.

मापं जुनीच आहेत. बारा मीटर लांब, २.४ मीटर उंच भिंत, ३० सेंटिमीटरचे ३२० चौकोन, मुलं ३०४. जोडांची काळजी मागच्या वेळी खूप घेतली होती आणि ती बाजू पास झाली. नदीचा काठ चौकोनाच्या कडेला जिथे येतो, तिथे दोन्ही शेजाऱ्यांच्या हद्दीत एकच खूण केली होती. पहिलीतल्या मुलांचेही काठ एकमेकांना बरोबर भेटले आहेत. जवळून ते जोड पाहताना फार समाधान वाटतं. म्हणूनच लांबून रेघ का तुटते, हे कळायला मला पूर्ण एक संध्याकाळ लागली.

उत्तर फोनमध्ये मिळालं. भिंतीचा फोटो काढून तो कृष्णधवल केला. रंग निघून गेले, उरला तो फक्त उजळ-गडदपणा, म्हणजे टोन. पाणी आणि काठ बऱ्याच ठिकाणी एकाच करड्या रंगाचे झाले होते. मी मुलांना सांगितलं होतं, "पाणी कुठलंही निळं चालेल." कुणी गडद निळं घेतलं, कुणी आभाळी. काठावर कुणी काळपट हिरवं लावलं, कुणी पोपटी. जवळून निळं आणि हिरवं वेगळं दिसतंच. पण लांबून डोळा रंगाआधी टोन पकडतो, आणि गडद निळ्याला गडद हिरवं खेटलं की कड विरघळते. सगळ्यात उठून दिसणारा लालभडक मासा फोटोत पाण्यात मिसळून गेला होता. पिवळ्याधमक शेतापाशी मात्र नदी स्पष्ट होती, कारण पिवळा कितीही भडक असला तरी टोनने उजळच राहतो.

मग मोजदाद केली. झालेल्या चौकोनांपैकी ५४ चौकोनांतून नदी जाते. ३१ ठिकाणी पाणी काठापेक्षा गडद, १५ ठिकाणी पाणी उजळ आणि काठ गडद, आणि ८ ठिकाणी दोन्ही सारखे. बहुमत गडद पाण्याचं, म्हणून पाणी गडद ठेवायचं ठरवलं. प्रश्न उरलेल्या २३ चौकोनांचा. मुलाचं चित्र झाकून वर आपण रंगवायचं नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे आणि तो मी मोडणार नाही. म्हणून ग्लेझ. खालचं चित्र दिसत राहील, फक्त पाणी गडद होईल, असा पारदर्शक थर.

पहिला प्रयत्न वाया गेला. बाहेरच्या भिंतीचा जो तयार निळा इमल्शन उरला होता, तोच पाणी घालून पातळ केला. सुदैवाने तो मुलांच्या चौकोनावर न लावता आमच्या चाचणीच्या फळीवर लावला होता. वाळल्यावर निळा थर दुधाळ झाला, खालच्या माशावर धुकं आल्यासारखं. कारण सरळ आहे : तयार फिक्या शेडमध्ये टायटॅनियम व्हाइट असतो, आणि तो झाकण्यासाठीच असतो. कितीही पातळ करा, पांढरेपणा जात नाही. शिवाय नुसतं पाणी जास्त घातलं की रंग धरून ठेवणारा चिकटा विरळ होतो. दुसऱ्या दिवशी त्या थरावर बोट फिरवलं तर बोटाला निळी भुकटी लागली. "पाणी घाला, चालतं," असं सांगणाऱ्या दुकानदाराचं ग्लेझच्या बाबतीत ऐकू नका.

दुसऱ्या वेळी एक भाग थॅलो ब्लू आणि आठ भाग पारदर्शक अॅक्रिलिक मीडियम घेतलं. थॅलो मुळातच पारदर्शक आहे आणि उन्हात टिकतो. फक्त जोर फार, म्हणून तो थेंबाथेंबाने घाला. मीडियम ओलं असताना पांढरट दिसतं आणि वाळल्यावर स्वच्छ होतं, त्यामुळे ओल्या थरावरून काहीही ठरवू नका. मी मिश्रण आधी पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर लावून वाळवलं आणि ती शीट चौकोनावर धरून फोटो काढले. एका थराची शीट, दोन थरांची शीट, दोन्ही कृष्णधवलमध्ये. भिंतीला हात न लावता निकाल समोर आला : आठही सारख्या चौकोनांना दोन थर पुरे.

ग्लेझ ज्याच्या-त्याच्या हातानेच लावायचं होतं. तिसरीतल्या एका मुलीने शीट स्वतःच्या चौकोनावर धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "बाई, माझा मासा बुडेल का?" मी म्हटलं, मासा सोडून लाव. तिने मऊ चपटा ब्रश घेतला, जीभ दातांत धरून माशाच्या प्रत्येक पराभोवतीने फिरवला आणि माशाचं पोट कोरडं ठेवलं. थर वाळल्यावर मासा आधीपेक्षा उठून दिसायला लागला, कारण त्याच्या भोवतीचं पाणी टोनने खाली गेलं होतं. दिवसभर मी तोच चौकोन पुन्हा पुन्हा जाऊन पाहत होते.

पण १५ चौकोनांत ग्लेझचा उपयोग नाही. तिथे काठच गडद आहे, आणि ग्लेझने काही उजळ होत नाही. पाणी गडद केलं की दोन गडद पट्टे शेजारी येतात, म्हणजे पुन्हा तेच. यावर उपाय पाचवीतल्या एका मुलाने बोलता बोलता दिला. "नदीच्या कडेला वाळू असते ना?" पाणी आणि काठ यांच्यामध्ये तीन सेंटिमीटरचा फिका वाळूचा पट्टा. यलो ऑकर आणि पांढरा, दोन हात. ऑकर हा लोहाचा रंग, चांगला झाकतो आणि ऊनही सोसतो. इथे झाकणाराच रंग हवा. एका चौकोनावर करून पाहिलं. आधी पाण्याला ग्लेझ, मग वाळू. फोटोत नदीची कड चाकूने कापल्यासारखी दिसली.

हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की वाळू फक्त त्या पंधरांपुरती ठेवायची गरज नाही. पट्टा सगळीकडे असला तर काठाचा रंग मुलांना हवा तो घेता येईल. काळा डोंगर, जांभळी झाडं, काहीही. बंधन फक्त पाणी आणि वाळू यांचंच राहील. उरलेल्या १७२ मुलांसाठी "काठ उजळच ठेवा" अशी सूचना लिहून ठेवली होती, ती आत्ताच खोडली.

म्हणून पुढच्या तुकडीआधी बेत बदलतोय. नदीच्या सगळ्या रिकाम्या चौकोनांत सातवीची मुलं पाण्याचा तळरंग सलग मारून घेतील, एकाच डब्यातून, म्हणजे निळा मध्येच बदलणार नाही. त्यावर वाळूचा पट्टाही सलग. मग लहान मुलं आपापला मासा, कासव, होडी काढतील. पाण्यातल्या वस्तूंसाठी उजळ रंगांचे वेगळे पेले ठेवणार आहे. लाल कुणाचा काढून घ्यायचा नाही. लाल मासा हवा असेल त्याने आधी पांढरी कड काढायची.

जुन्या ३१ चौकोनांत वाळू भरायची का, हे त्या मुलांना विचारून ठरवेन. पंधरा जणांनी मात्र आधीच ब्रश मागितले आहेत. ग्लेझचा दुसरा थर आज दुपारी वाळेल, त्यानंतर वाळू.