निघून राहिलो

धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी पाचला भेटायचे ठरले की आमचा एक मित्र सव्वापाचला फोनवर हमखास सांगतो, "निघून राहिलो न बे!" आणि त्याच वेळी त्या फोनमधून त्याच्या घरच्या कूलरची घरघर आम्हां सर्वांना स्पष्ट ऐकू येत असते. नागपूरच्या बोलीत 'निघून राहिलो' म्हणजे 'निघतो आहे', हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र त्यात निघणेही दिसते आणि राहणेही दिसते, आणि आमच्या या मित्रापुरता तो अर्थ अधिक बरोबर आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्याचा वाढदिवस मे महिन्यात येतो. यंदा त्याला भेट म्हणून एक पोस्टर करून द्यायचे ठरले: काळी चौकट, मध्ये भव्य छायाचित्र, खाली मोठ्या अक्षरांत एक उदात्त शब्द आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ. हा साचा मूळचा अमेरिकेतल्या कचेऱ्यांचा आहे. तिथे १९८५ साली स्थापन झालेल्या सक्सेसरीज या कंपनीने भिंतींवर लावायच्या प्रेरणादायी चित्रांचा मोठा धंदा उभा केला आणि १९९८ साली निघालेल्या डिस्पेअर या कंपनीने तीच चौकट, तीच पर्वतशिखरे घेऊन खालची ओळ तेवढी उलटी केली. आपल्याकडे याचे बीज शाळेच्या फळ्यावर आधीच पेरलेले आहे. कोपऱ्यात रंगीत खडूने लिहिलेला सुविचार आणि वर्गातल्या एखाद्या कारट्याने त्याखाली हळूच जोडलेली दुसरी ओळ ज्यांना आठवते, त्यांना या विनोदाची रचना निराळी समजावण्याची गरज नाही.

माझा पहिला प्रयत्न सपशेल फसला. शीर्षक होते 'वेळेचे महत्त्व', चित्र होते मित्राच्याच जांभई देणाऱ्या चेहऱ्याचे आणि खाली लिहिले होते, 'जो कधीच वेळेवर येत नाही, तो महान आळशी.' वाचून कोणी हसले नाही, आणि ते योग्यच होते. जांभईचे चित्र पाहताक्षणी विनोद संपतो आणि खालच्या ओळीला काम उरत नाही. शिवाय ती ओळ थट्टेची नसून तक्रारीची होती. या प्रकारात चित्राने आणि शीर्षकाने अखेरपर्यंत गंभीर राहायचे असते, कारण पाहणाऱ्याला क्षणभर खरोखरच उपदेश ऐकायला मिळणार असे वाटले, तरच पुढची कोलांटी जमते. म्हणूनच शीर्षकाला संस्कृत वळणाचा, छाती पुढे काढून उभा राहिलेला शब्द हवा आणि खालची ओळ घरच्या भाषेत हवी. या दोन भाषांमधल्या उंचीच्या फरकावरून घसरण्यातच अर्धी गंमत असते.

दुसऱ्या खेपेस मी शीर्षक 'प्रस्थान' केले आणि खाली लिहिले, 'त्याची वाट पाहता पाहता आमच्या दाढ्या पिकल्या.' हे थोडे बरे होते, परंतु दाढ्या कोणाचीही वाट पाहताना पिकू शकतात. अतिशयोक्ती ही अशा ओळीची सोपी आणि म्हणून झिजलेली वाट आहे. त्या माणसाच्या सवयीतला एखादा नेमका तपशील, त्याचा ठराविक शब्द किंवा ठराविक सबब, ही तिच्यापेक्षा खोल लागते. मग सुचले, की त्याचे वाक्य आपल्याजवळ आयते असताना आपण आपले वाक्य का घडवत बसलो आहोत?

मराठीत एक अडचण मात्र आहे. ओळीचा डंख शेवटच्या शब्दात असला पाहिजे, आणि आपले वाक्य बहुधा 'आहे', 'असतो', 'म्हणतो' अशा निर्जीव क्रियापदावर जाऊन टेकते, त्यामुळे हसू त्याच्या आधीच्याच शब्दाला फुटते आणि उरलेले वाक्य त्याच्यावर सांडते. 'निघून राहिलो असे म्हणत तो घरीच राहत असतो' या ओळीत सगळे काही होते, फक्त शेवटचा 'असतो' तिचा जीव घेत होता. दोन संध्याकाळी खाडाखोड केल्यावर ती अशी झाली:

प्रस्थान
पाचला निघून राहिलो. सहाला निघून राहिलो. सातला नुसताच राहिलो.

इथे क्रियापद शेवटी येणे हीच सोय झाली, कारण डंख क्रियापदातच होता. पहिली दोन वाक्ये एकसारखी आहेत म्हणून कानाला तिसऱ्यातही तेच अपेक्षित असते. एकदाच म्हटले असते तर सवय लागली नसती आणि चारदा म्हटले असते तर कंटाळा आला असता. शिवाय सगळे त्याच्याच तोंडी असल्यामुळे आम्ही त्याच्यावर आरोप केला, असेही होत नाही.

चित्र निवडले झिरो माइलचे. ब्रिटिश सर्वेक्षणाच्या काळातला तो वालुकाश्माचा खांब आणि शेजारचे चार घोडे आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत. पण घोडे अगदी धावायच्या बेतात आहेत आणि तिथून कुठेही गेलेले नाहीत, हे मला या पोस्टरसाठी पहाटे छायाचित्र काढताना प्रथमच जाणवले.

छपाईच्या वेळी आणखी एक धडा मिळाला. संगणकावरच्या तयार साच्यात शीर्षकाची अक्षरे एकमेकांपासून दूर दूर टाकलेली असतात, इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा तुटली आणि 'प्रस्थान' दात पडल्यासारखे दिसू लागले. ते अंतर शून्य करून अक्षरे ठळक आणि मोठी केली, तेव्हा शब्दाला पुन्हा रुबाब आला.

सवय कोणती निवडावी याबद्दल मी आता जरा भित्रा झालो आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मित्रासाठी मी 'दातृत्व' असे शीर्षक देऊन, बिल आले की त्याचे पाकीट नेमके घरी राहते, यावर एक ओळ केली होती. सगळे खळखळून हसले, तोही हसला. त्याचा पगार कित्येक महिने अडकला होता, हे मला पुढे तिसऱ्याच माणसाकडून कळले. तेव्हापासून मी एवढेच पाहतो, की मनात आणले तर ही सवय त्या माणसाला उद्या सकाळी सोडता येईल का. उशिरा येणे सोडता येते. रिकामा खिसा, वजन, नोकरी, न जमलेले लग्न ही सोडता येत नाहीत, आणि त्यावरची ओळ कितीही चपखल असली तरी मी ती वहीतच ठेवतो.

वाढदिवसाला त्याला सहाला बोलावले होते. तो सातला दहा कमी असताना आला, पोस्टर पाहिले, ओळ एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बे, 'सातला' चूक आहे, मी सातच्या आत आलो न!" पोस्टर त्याने घरच्या कूलरच्या वरच्या भिंतीवर लावले आहे. आता उशीर झाला की तो फोन उचलत नाही, त्या पोस्टरचा ताजा फोटो काढून पाठवतो, आणि तो अजून घरीच आहे हे आम्हाला त्यावरून कळते.