तीन वर्षांसाठी एफडी की फंड, आणि एका चुकलेल्या टिकचे साडेतीन हजार

आमच्या नवीन फ्लॅटचा ताबा तीन वर्षांनी आहे, मुलुंडला, आणि शेवटचा हप्ता तेव्हा द्यायचाय. त्यासाठी 6 लाख बाजूला होते. मेहुणा म्हणाला फंडात टाक, बाबा म्हणाले एफडी कर, आणि मी लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाईलवर आकडेमोड करत महिनाभर काहीच केलं नाही.

शेवटी शनिवारी बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी थेट केबिनमध्येच पाठवलं. तिथल्या मॅडमनी एफडीचं नाव काढू दिलं नाही. शेअरवाल्या फंडाचा मागच्या तीन वर्षांचा ग्राफ समोर धरला, "सर, एफडीचं व्याज तुमच्या स्लॅबने टॅक्सेबल, इथे वर्षानंतर सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काहीच नाही, वर साडेबारा टक्के." हे खरंच आहे. पण मी विचारलं, ताब्याच्या महिन्यातच मार्केट पडलं तर? म्हणाल्या, थोडं थांबायचं. अहो पण बिल्डर थांबणारे का? 2020 च्या जानेवारीत सेन्सेक्स 42 हजारांवर होता आणि 23 मार्चला 26 हजारांच्या खाली. नोव्हेंबरपर्यंत सगळं भरून निघालं, पण ज्याला एप्रिलमध्ये पैसे भरायचे होते त्याला त्याचा काय उपयोग! हप्त्याची तारीख ठरलेली असेल तर माझ्या मते शेअरवाला फंड नकोच.

मग ठरलं, 4 लाख एफडी. चारच का, तर ठेवीवरचा विमा एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंत असतो आणि तो व्याज धरून. सात टक्क्यांनी तीन वर्षांत 4 लाखाचे 4 लाख 92 हजार होतात, बरोब्बर आत बसतात. 2019 ला मुंबईतल्या एका सहकारी बँकेतून सुरुवातीला हजार रुपयेच काढू देत होते, ते बघितल्यापासून मी हे बघतोच.

आणि इथे घोळ झाला. फॉर्म मॅडमनी भरला, मी फक्त सह्या केल्या, पावती न बघता फाईलला लावली. तीन महिन्यांनी मेसेज आला, खात्यात 7,000 जमा. मी खूश, बायको म्हणाली, "हे पैसे आत्ता का आले?" पावती काढली तर मॅच्युरिटीची रक्कम 4,00,000. म्हणजे टाकले तेवढेच! व्याज दर तिमाहीला बचत खात्यात काढून देणारी एफडी केली होती, व्याजावर व्याज मिळणारी नाही. तो पैसा खात्यात येऊन किराण्यात जाणार, आणि ताब्याला हातात 4 लाखच.

बदलून द्या म्हटलं तर बदलता येत नाही, मोडून नवीन करा. मोडली की तीन महिन्यांना जो दर असतो तो, साडेचार, त्यातून एक टक्का दंड. म्हणजे साडेतीन टक्क्यांनी 3,500 माझे, आणि आधी दिलेल्या 7,000 मधले उरलेले साडेतीन हजार मुद्दलातून परत कापणार. टिक तुमच्या माणसाने केली ना? "सही तुमची आहे सर." तीन शनिवार गेले यात, एकदा तर मॅनेजर जेवायला गेले ते आलेच नाहीत, आणि दुसऱ्या वेळी लेखी अर्ज दिला त्याची पोच मागितली तर शिक्काच सापडेना. शेवटी दंड भरून मोडली. तोवर दर पावणेसातवर उतरलेला. खात्यातले साडेतीन हजार घालून पुन्हा 4 लाख केले. नव्या पावतीवर 4 लाख 88 हजार नऊशे काहीतरी आहे, आणि यावेळी मी काउंटरवर उभा राहूनच वाचली.

हां, टॅक्सचं राहिलंच. वर्षाला 28 हजारांच्या आसपास व्याज, 50 हजारांच्या आत म्हणून टीडीएस कापत नाहीत, पण म्हणून टॅक्स नाही असं नाही. एफडीची मुदत संपेपर्यंत हातात काही येत नसलं तरी रिटर्नमध्ये दरवर्षी दाखवायचं, आयकरवाल्यांना ते आधीच दिसत असतं. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून तीन वर्षांत अठरा हजारांच्या वर जातात.

उरलेले 2 लाख मी लिक्विड फंडात ठेवलेत, म्हणजे शेअरमध्ये नाही तर थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात. त्यात परतावा एफडीपेक्षा जास्त मिळेल म्हणून नाही, आणि एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा फंडावरही स्लॅबनेच टॅक्स लागतो, फक्त विकल्यावर. पण बिल्डरने मध्येच काही मागितलं तर सात दिवसांनंतर कधीही दंडाशिवाय निघतात, साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात. मॅडमचा फोन अजून येतो, ऑटो रिन्यूअल चालू ठेवू का विचारायला. बंदच ठेवा, नाहीतर ताब्याच्या आठवड्यात पुन्हा तीन वर्षांना अडकायचे आणि परत मोडायला दंड.