आमची वाटचाल : एक वर्गमूळ आणि आमचा धंदा

चिपळूणला आमचं वर्कशॉप आहे. बोर्डावर लिहिलंय ‘इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेशन व सर्व्हिसिंग’, तरी आठवड्यातून एखादा माणूस मिक्सर घेऊन येतोच. खरं काम परशुराम घाट चढून गेल्यावर लोटे एमआयडीसीत. प्रेशर गेज, थर्मोकपल, कंट्रोल वाल्व सगळंच करतो, पण नाव झालं ते ऑरिफिस प्लेट, म्हणजे पाइपात बसवायची भोकाची चकती, आणि दाबातला फरक मोजणारा डीपी ट्रान्समीटर यांच्या कामामुळे. ते कसं झालं, एवढंच इथे सांगतो.

सुरुवातीच्या काळात एका केमिकल कारखान्यातून बोलावणं आलं. तक्रार अशी होती की पाण्याच्या लाइनवरचा फ्लो कंट्रोल दिवसा हंटिंग करतो. प्रवाह सारखा वरखाली, वाल्वचा स्टेम नाचतोय, म्हणून ऑपरेटर तो मॅन्युअलवर टाकून ठेवायचे. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी वाल्व हवा तेवढा उघडणारा पोझिशनर बदलला होता. कोकणात पोझिशनरवर आळ घेणं सोपं असतं. खाऱ्या दमट हवेत काहीही गंजलेलं दाखवता येतं.

लाइन तीन इंची, त्यात ऑरिफिस प्लेट. भोकातून जाताना पाण्याचा वेग वाढतो आणि प्लेटच्या पुढेमागे दाबात फरक पडतो, तो ट्रान्समीटर मोजतो. पूर्ण प्रवाह ताशी ४० घनमीटर धरला होता आणि तेव्हा फरक २५०० मिलिमीटर पाण्याचा. पण हा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह निम्मा, म्हणजे २० झाला की फरक निम्मा होत नाही, चौथाई होतो: ६२५. प्रवाह १० वर आला की जेमतेम १५६. म्हणून प्रवाह Q हवा असेल तर फरकाचं, म्हणजे ΔP चं, वर्गमूळ काढून ठरावीक k ने गुणावं लागतं:

Q = k√ΔP

हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पॅनेलवरच्या इंडिकेटरमध्ये वर्गमूळ काढलेलंही होतं आणि आकडा अगदी बरोबर दिसत होता. त्यामुळे मोजमापावर कुणाचा संशयच गेला नव्हता. आम्ही वायरिंगचा ड्रॉइंग काढून बसलो तेव्हा दिसलं की ट्रान्समीटरचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल, ४ म्हणजे शून्य आणि २० म्हणजे पूर्ण रेंज, दोन फाटे फुटून जातोय. एक इंडिकेटरला, जिथे मूळ निघतं. दुसरा थेट कंट्रोलरला, कच्चा. डोळ्यांना प्रवाह दिसत होता आणि कंट्रोलर मात्र त्याच्या वर्गावर चालत होता.

त्याने काय बिघडतं? कच्च्या सिग्नलचा चढ प्रवाहाबरोबर बदलतो. प्रवाह ९० टक्क्यांवर असताना त्यात एक टक्का फरक पडला, तर सिग्नल सुमारे १.८ टक्के हलतो. ३० टक्क्यांवर तोच एक टक्का सिग्नलला फक्त ०.६ टक्के हलवतो. म्हणजे मोजमाप, कंट्रोलर आणि वाल्व मिळून होणाऱ्या एकाच लूपचा गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, तिप्पट इकडेतिकडे. या कारखान्यात दिवसा ३६ घनमीटर लागायचे आणि रात्री १२, नेमकं हेच अंतर. लूप ट्यून केला होता रात्रपाळीत, शांतपणे, कमी प्रवाहावर. तो गेन सकाळी प्रोडक्शन सुरू झालं की तिप्पट भारी पडायचा. दिवसा ट्यून केला असता तर रात्री लूप इतका सुस्त झाला असता की सेटपॉइंट बदलून चहा पिऊन यावं.

तिथले रात्रपाळीचे काका म्हणाले, “अहो, पण मीटर तर बरोबरच दाखवतोय ना?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त त्यांचा मीटर आणि कंट्रोलर वेगवेगळ्या गोष्टी बघत होते.

ट्रान्समीटर स्मार्ट होता. हँडहेल्डने त्याचं ट्रान्सफर फंक्शन लिनिअरवरून स्क्वेअर रूटवर घेतलं, इंडिकेटरमधलं मूळ बंद केलं आणि दिवसाच्या प्रवाहावर लूप पुन्हा ट्यून केला. त्या दिवसापासून कंट्रोलर दोन्ही पाळ्यांत ऑटोवर चालला. वाल्वची स्वतःची वक्रता उरतेच, पण इथे ती त्रास देण्याइतकी नव्हती.

त्याच कारखान्याने पुढे पॅनेल काढून पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कंट्रोल यंत्रणा, बसवली. काम बाहेरच्या कंत्राटदाराचं. महिनाअखेरीला पाण्याचा हिशेब जुळेना: दिवसाचा आकडा ठीक, रात्रीचा भलताच जास्त. पीएलसीच्या प्रोग्रॅममध्येही वर्गमूळ टाकलेलं होतं. ट्रान्समीटरने एकदा काढलेलं मूळ पुन्हा काढलं जात होतं. ही चूक लपून राहते, कारण शून्य आणि शंभर टक्क्यांचं मूळ कितीही वेळा काढलं तरी तेच येतं. मधे मात्र प्रत्यक्ष १० घनमीटर वाहत असताना स्क्रीनवर २० दिसतात.

तेव्हापासून आमची एक पद्धत ठरली. ट्रान्समीटरला जोडलेल्या मॅनिफोल्डचे वाल्व बंद करून तो लाइनपासून वेगळा करायचा आणि हातपंपाने बरोबर ६२५ मिलिमीटर, म्हणजे रेंजच्या चौथाई दाब द्यायचा. स्क्रीनवर २० घनमीटर आले तर मूळ एकदाच निघतंय. १० आले तर कुठेच निघत नाही. २८.३ आले तर दोनदा. ट्रान्समीटरच्या तारांत १२ मिलिअँपिअर असतील तर मूळ तिथे निघतंय, ८ असतील तर पुढे कुठेतरी. मग कंट्रोलरच्या इनपुटला कुठला आकडा पोचतो तेही बघायचं, फक्त स्क्रीनवरचा नाही. शून्य आणि पूर्ण रेंज या दोनच ठिकाणी कॅलिब्रेशन करून सर्टिफिकेट देणारे आजही आहेत. स्वस्तही पडतात.

जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी वर्कशॉपमध्ये शिरलं आणि बेंचवरचं बरंचसं सामान गेलं. नवं घेताना पहिल्यांदा कमी दाबाचा चांगला कॅलिब्रेटर घेतला, उधारीवर. कारण आमची पुढची निम्मी कामं खालच्या टोकाची, म्हणजे कमी प्रवाहाची असतात.

शून्याजवळ वर्गमूळ फार चढं होतं, लहान चूक फुगवतं. प्लेटपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या इम्पल्स लाइनमध्ये हवेचा बुडबुडा राहिला आणि ट्रान्समीटरला पाच मिलिमीटरची खोटी भर मिळाली, तर पूर्ण प्रवाहावर ती कळतही नाही. १० घनमीटरला १०.२ दिसतात, चालून जातं. ४ घनमीटरला ४.४ दिसतात. आणि वाल्व पूर्ण बंद असताना स्क्रीनवर जवळपास १.८ घनमीटर वाहत असतात, एकूण पाण्याची बेरीज करणारा टोटलायझर रात्रभर मोजत बसतो. यासाठी लो कट-ऑफ ठेवतात. ठरावीक प्रवाहाच्या खाली आकडा शून्य धरायचा. पण आधी लाइनमधली हवा काढून मॅनिफोल्डवर शून्य तपासायचं. नुसता कट-ऑफ वाढवला की बुडबुडा तसाच राहतो आणि वरच्या आकड्यात शिरतो.

गिऱ्हाईक विचारतं, “दहा टक्क्यांपर्यंत नीट चालेल असं करून द्या की.” दहा टक्के प्रवाहाला दाबाचा फरक रेंजच्या एक टक्का उरतो, मूळ कुठेही काढा, मोजायलाच काही शिल्लक नसतं. सर्वात जास्त आणि सर्वात कमी प्रवाहात तिपटी-चौपटीचं अंतर असेल तोवर आम्ही ऑरिफिसचं काम घेतो. त्यापुढे पाण्याच्या लाइनला मॅग्नेटिक फ्लोमीटर सुचवतो. त्याचा सिग्नल मुळातच प्रवाहाच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे तिथे पीएलसीतलं जुनं वर्गमूळ आठवणीने काढून टाकावं लागतं. कोटेशनमध्ये आम्ही ती ओळ वेगळी लिहितो आणि तिचे पैसेही लावतो.