स्क्रीनवर अर्धवट दिसलेली एक ओळ

बर्मिंगहॅमजवळच्या एका गोदामात मी रात्रपाळी करते, दहा ते सहा. फोन आत न्यायला मनाई आहे, तो लॉकरमध्ये राहतो. अडीचला अर्ध्या तासाची सुट्टी होते, तेव्हा मी डबा आणि फोन एकदमच बाहेर काढते. हिवाळ्यात इथल्या आणि आपल्या घड्याळात साडेपाच तासांचं अंतर असतं. म्हणजे माझा डबा उघडतो तेव्हा कोल्हापुरात सकाळचे आठ वाजलेले असतात. मंगळवार पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तेव्हा आईची आंघोळ झालेली असते आणि आप्पा बाथरूममध्ये असतात.

आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. नळ सोडला की आपोआप पेटायचा, पाणी पटकन कडकडीत व्हायचं आणि लाईट गेली तरी अडायचं नाही. कोल्हापुरात कितीतरी घरांत तो असाच आंघोळीच्या खोलीत आतच लावलेला असतो. जानेवारीत वारं झोंबतं म्हणून आप्पांनी खिडकीच्या काचपट्ट्यांमध्ये वर्तमानपत्रं कोंबली होती. मी दिवाळीला आले होते तेव्हा खिडकी उघडी होती, म्हणून हे मला माहीतच नव्हतं.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मी त्याच दिवाळीला नेला होता. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात गॅसचा बॉयलर असेल, तर त्या खोलीत हा अलार्म बसवणं 2022 च्या ऑक्टोबरपासून घरमालकावर बंधनकारक आहे. माझ्या खोलीबाहेर तो रोज दिसायचा आणि मला घरचा गिझर आठवायचा. म्हणून वायफायवर चालणारा एक घेतला आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये लावला. बाथरूमच्या आत लावत नाहीत, वाफेनं तो बिघडतो. फोनमधल्या अॅपवर त्याचं नाव ठेवलं CO Passage.

लावतानाच आईनं विचारलं होतं, "गॅस लीक झाला तर वास येतोच की. मग हे कशाला?" वास सिलिंडरमधल्या न जळलेल्या गॅसला येतो. तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि जळताना निघून जातो. कोंदट खोलीत हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात ऑक्सिजनला जिथे जागा मिळते तिथेच तो जाऊन बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. स्वयंपाकघरात गॅसगळतीचा जो अलार्म लावतात त्याला हा वायू कळत नाही. दोन्ही वेगळी यंत्रं आहेत.

एवढं आईला समजावलं. फोनवर येणारे मजकूर मात्र मी स्वतः नीट बसवून घेतले नाहीत. घरची लाईट गेली की वायफाय बंद पडायचं आणि अॅप मला कळवायचं, CO Passage: CO detector offline. लाईट आली की दुसरी ओळ, CO Passage: Normal. आठवड्यातून तीन-चार वेळा ही जोडी यायची. माझ्या फोनवर अक्षरं मोठी केलेली आहेत, त्यामुळे पहिली ओळ पूर्ण मावायची नाही. पडद्यावर दिसायचं एवढंच:

```
CO Passage: CO detec…
```

दोन महिन्यांत डोळ्यांना त्याची सवय झाली. ती ओळ दिसली की मनात यायचं, लाईट गेली असणार. बोटानं ती बाजूला सारायची आणि डबा खायला लागायचं.

त्या रात्री अडीचला फोन काढला तर याच यंत्राच्या तीन ओळी होत्या. वर Normal, खाली दोनदा CO detec… रंग तोच, चिन्ह तेच. लाईट गेली, आली, असं समजून मी तिन्ही पुसून टाकल्या आणि भाकरी मोडली.

दुसरा घास घेताना काहीतरी खटकलं. लाईट गेल्याची ओळ एकदाच येते, मग ती आल्याची. आज 'गेली' दोनदा होती आणि मध्ये 'आली' नव्हतीच. लाईट परत न येता दुसऱ्यांदा कशी जाईल? मी अॅप उघडलं. तिथे ओळी पूर्ण दिसत होत्या:

```
07:41  CO detected 118 ppm
07:44  CO detected 131 ppm
07:46  Normal 0 ppm
```

ppm म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग. माझ्या अर्धवट ओळीत detector नव्हता, detected होता. पहिली सहा अक्षरं तीच.

खरं सांगते, शेवटची ओळ बघून माझा जीव भांड्यात पडला. शून्य दाखवतंय, हिरवी खूण आहे, आईनं दारं उघडली असतील. फोन खाली ठेवणारच होते, तेवढ्यात आलेखाकडे लक्ष गेलं. रेघ हळूहळू चढत 131 पर्यंत गेली होती आणि तिथून कड्यावरून दगड सुटावा तशी दोन मिनिटांत तळाला आली होती. बंद घरातली हवा अशी साफ होत नाही. दारं-खिडक्या उघडल्या तरी रेघ उतरत उतरत खाली येते. एवढ्या झटक्यात शून्य होतं ते एकाच कारणानं, यंत्र तिथून कुणीतरी उचललेलं असतं.

मी आईला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"आई, पॅसेजमधलं यंत्र कुठंय?"

"अगं, लई बोंबलत हुतं ते. माझं डोकं तर सकाळपासनं ठणकतंय. काढून गॅलरीत तुळशीपाशी ठेवलोय. आता गप हाय."

"आप्पा कुठं आहेत?"

"आंघोळीला गेल्यात. आज लई वेळ लावल्यात."

"सिलिंडर बंद कर आधी. मग जिन्याचं दार आणि गॅलरीचं दार सताड उघड. आप्पांना हाका मार, पण तू आत जाऊन थांबू नकोस. मी खालच्या काकांना फोन करते."

काका दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले. आप्पा हाकेला नुसतं "हं" म्हणत होते, कडी काढायला उठत नव्हते. काकांनी खांद्यानं दार रेटलं तशी कडी निघाली. आप्पा स्टुलावर बसलेले, अंगावर पाणी तसंच, हातात तांब्या, आणि "काय झालंय, काय झालंय" एवढंच परत परत. काकांनी त्यांना टॉवेलात गुंडाळून गॅलरीत आणलं, मग रिक्षातून दवाखान्यात. हे सगळं मी फोनवर ऐकत होते. समोर भाकरी तशीच पडली होती.

दवाखान्यात पहिल्यांदा बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन 98 दाखवला. काका म्हणाले, "चांगला आहे की." डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. हा साधा चिमटा रक्ताचा रंग बघतो, आणि कार्बन मोनॉक्साईडनं भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजननं भरल्यासारखंच दिसतं. म्हणून त्यांनी रक्त तपासलं. आप्पांच्या रक्तातला पाचवा हिस्सा त्या वायूनं अडवला होता, आईच्या त्याच्या निम्मा. दोघांना मास्कवरून ऑक्सिजन लावला. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कवर साधारण दीड तास. संध्याकाळपर्यंत आप्पा नीट बोलू लागले आणि त्यांनी चहा मागितला.

डॉक्टरांनी आईला विचारलं, डोकं आजच दुखलं का? तिला आठवलं, आठ-दहा दिवस रोज सकाळी दुखायचं, मळमळायचं आणि दुपारी बाजारात जाऊन आलं की बरं वाटायचं. ती पित्ताची गोळी घेत होती. ताप नाही, सर्दी नाही, घराबाहेर पडलं की बरं, आणि घरातल्या दोघांनाही तेच. आप्पांनाही सकाळी गरगरायचं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग यंत्र इतके दिवस गप्प का होतं? कारण ते थोड्या वायूला लगेच वाजत नाही. 100 च्या वर गेल्यावर दहा ते चाळीस मिनिटांच्या आत वाजायचं, 300 च्या वर तीन मिनिटांत, असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. आधीच्या दिवसांत आंघोळी लवकर उरकायच्या आणि पॅसेजमधला वायू त्याआधीच विरायचा. त्या दिवशी आईनं डोक्यावरून पाणी घेतलं, पाठोपाठ आप्पा गेले आणि गिझर विझलाच नाही. यंत्र बाहेर 131 दाखवत होतं. बंद दाराआड किती होतं ते कुणी मोजलेलं नाही.

गिझर त्याच आठवड्यात काढला आणि विजेचा बसवला. खिडकीतली वर्तमानपत्रं आप्पांनी स्वतः ओढून काढली. यंत्र पुन्हा पॅसेजमध्ये लावलं, कारण स्वयंपाकघरात गॅस आहेच. अॅपमध्ये मी वायफाय गेल्याचा मजकूर वेगळा करून आवाज न करता यायला लावला. धोक्याचा मजकूर फोन गप्प असतानाही सायरनसारखा वाजेल असा ठेवला. यंत्राचं नाव बदलून नुसतं 'घर' केलं, म्हणजे पुढचे शब्द पडद्यावर मावतात. मुकादमाशी बोलून फोन अंगावर ठेवायची परवानगी काढली. तरीही लाईट नसेल तेव्हा माझ्यापर्यंत काहीच पोचणार नाही. यंत्र बॅटरीवर तिथे वाजेल, पण ते ऐकणारी आईच असणार.

म्हणून आईला फोनवरच आवाज ऐकवून शिकवलं. मिनिटभरानं एकदा 'टुक' झालं तर बॅटरी संपत आलीय, घाई नाही. लागोपाठ चार, मग थांबून परत चार, असं वाजलं तर यंत्राला हात लावायचा नाही. माणसांनी बाहेर पडायचं, यंत्र तिथंच वाजू द्यायचं. घराची एक किल्ली काकांकडे असते.

आता दर महिन्याच्या एक तारखेला, तिच्या आठ वाजता, ती स्टुलावर चढून टेस्टचं बटण दाबते. माझ्या खिशातला फोन गोदामाच्या जेवणघरात कर्कश वाजतो, आजूबाजूचे दचकून बघतात. मी पडद्यावरची ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. मग तिचा फोन येतो.

"वाजलं का गं तिकडं?"

"वाजलं. आप्पा कुठं आहेत?"

"हे काय, स्टूल धरून उभं हाईत."