एकाच ठेवीची तीन उत्तरं

प्रशिक्षणाच्या वर्गात त्या दिवशी मी फळ्यावर एका बँकेचा छोटा ताळेबंद मांडला होता. आकडे लाखांत: ठेवी ५००, राखीव निधी ६०, राखीव प्रमाण १० टक्के. एका ग्राहकाने खात्यात २० रोख भरले. आता ही बँक जास्तीत जास्त किती नवं कर्ज देऊ शकेल? उत्तरं तीन आली: १८, २८ आणि २८०. आकडेमोड कुणाचीच चुकली नव्हती, म्हणून मी पुढचा सगळा तास याच एका उदाहरणावर घालवला.

रोख आल्यावर ठेवी ५२० झाल्या आणि राखीव निधी ८०. आवश्यक राखीव काढायचा तो एकूण ठेवींवर, म्हणजे ५२० चे १० टक्के, ५२. जादा राखीव ८० वजा ५२, म्हणजे २८. कर्जाची मर्यादा तीच.

१८ म्हणणाऱ्याने फक्त नव्या ठेवीचे १० टक्के बाजूला काढले होते. पण १८ ही जादा राखीव निधीत पडलेली भर आहे. बँकेकडे आधीच्या ५० च्या गरजेवर १० शिल्लक होते, ते त्याच्या हिशेबातून सुटले. उलट बँक आधीच ५ ने कमी पडत असती, तर कर्जाला १३ च उरले असते. म्हणून मी नेहमी ठेव येण्यापूर्वीची स्थिती आधी लिहायला लावते.

२८० वाल्या मुलीने २८ ला १० ने गुणलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, बँक कर्जातूनच ठेव निर्माण करते ना? मग २८० कर्ज दिलं की ठेवी ८००, आवश्यक राखीव ८०. बसतंय की!" कागदावर खरंच बसत होतं. मी तिला कर्जदाराच्या चेकचा प्रवास लिहायला सांगितला. कर्जदार पैसे वापरायलाच घेतो. चेक दुसऱ्या बँकेत भरला गेला की क्लिअरिंगमध्ये आपल्या राखीव निधीतून तेवढी रक्कम जाते. ८० मधून २८० कुठून देणार? २८ गेले तर मात्र ५२ उरतात, आणि ठेवी पुन्हा ५२० वर येतात. दहापट विस्तार होतो तो सगळ्या बँकांमध्ये मिळून, तोही कुणी जादा राखीव दाबून ठेवला नाही आणि लोकांनी रोख हातात धरली नाही तर.

मधल्या टप्प्यावर एकजण अडखळला. कर्ज खात्यात जमा झालं, पण चेक अजून वटलेला नाही, तेव्हा ठेवी ५४८ आणि आवश्यक राखीव ५४.८ दिसतो. त्यामुळे २५.२ जादा उरल्याचा भास होतो. तेवढ्यावर आणखी कर्ज दिलं, की चेक वटताच राखीव निधी ५२ च्या खाली जातो.

तास संपताना कुणीतरी विचारलं, हेच २० याच बँकेच्या दुसऱ्या खातेदाराच्या चेकने आले असते तर? मग एका खात्यातले २० दुसऱ्यात गेले, एवढंच. ठेवी ५००, राखीव ६०, नवं कर्ज १० पर्यंतच.